अनुभव हवेत: पगारावर नेमकं किती होमलोन बसतं? बँकेचा आकडा आणि तुमचा आकडा

पिंपळेकर:
माझी गोष्ट आधी सांगतो म्हणजे तुम्हालाही लिहावंसं वाटेल. वय ३७, हातात पगार ८० हजार, फ्लॅट ५० लाखांचा. बँकेतल्या बाईंनी सांगितलं की सगळे हप्ते मिळून पगाराच्या निम्म्यापेक्षा जास्त नकोत, त्याला ते फॉयर म्हणतात. म्हटलं निम्मे म्हणजे ४० हजार, साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांला लाखामागे ८६८ रुपये हप्ता, म्हणजे ४६ लाख आरामात मिळतील. सँक्शनला आकडा आला ३० लाख! गाडीचा हप्ता ११ हजार आणि बायकोच्या मोबाईलचा २८०० हे त्या ४० हजारांतूनच वजा होतात हे डोक्यातच आलं नव्हतं, उरले २६,२००. बिल्डरला टोकन देऊन बसलोय. तुमचं कसं झालं ते सांगा.

सदाशिव_६२:
इतकं काय गणित, पगाराच्या साठपट लोन मिळतं. मी असंच घेतलं होतं.

फाईलवाला:
मी ९ वर्षं लोन प्रोसेसिंगला होतो. काका, साठपट हा डीएसएचा, म्हणजे बँकेसाठी लोन आणणाऱ्या एजंटचा, फोनवरचा आकडा. कुठलाच हप्ता नसेल तर जवळपास बरोबर येतो, हप्ते असले की कोसळतो. पिंपळेकरांचं बघा, ११ हजारांची गाडी पावणेतेरा लाखांचं होमलोन खातेय. गाडीचे किती हप्ते राहिलेत? साधारण वर्षाच्या आत संपणारं कर्ज काही बँका धरत नाहीत, म्हणजे मोबाईल सुटेल पण गाडी बहुतेक नाही. मुदत वाढवली तरी नोकरदाराला बहुतेक वेळा ६० वर्षांपर्यंतच देतात, तुम्हाला २३ वर्षं. तिथे लाखाला ८२६ पडतात, मोबाईल सोडून २९ हजार बसवले तरी ३५ लाखांच्या पुढे जात नाही. आणि क्रेडिट कार्डावर बाकी असेल तर बऱ्याच ठिकाणी तिचे ५ टक्के दरमहा हप्ता म्हणून धरतात, तीही बघून घ्या.

गुरुजींची_सून:
मी झेडपीत शिक्षिका. पतसंस्थेचं कर्ज सिबिलवर दिसत नाही असं स्टाफरूममध्ये सगळे छातीठोक सांगत होते, म्हणून फॉर्मात लिहिलंच नाही. पण पगारपत्रकात १४ हजारांची कपात छापलेली असतेच की! मॅनेजरनी त्या ओळीवर पेन टेकवलं आणि विचारलं हे काय मॅडम. लाज वाटली ती वेगळीच, वर फाईल पुन्हा पहिल्यापासून. शेवटी नवऱ्याला को-अ‍ॅप्लिकंट घेतलं.

भाड्याचं_घर:
माझं घरभाडं २२ हजार आहे, तेही वजा होतं का? की भाड्याने राहणंच परवडतं हा तुमचा मुद्दा आहे? मला तर घर घेणं म्हणजे वेडेपणा वाटतो.

फाईलवाला:
भाडं सहसा धरत नाहीत, कारण घर झालं की ते थांबेल असं मानतात. पण बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटला भाडं आणि प्री-ईएमआय, म्हणजे ताबा मिळेपर्यंत उचललेल्या रकमेवरचं व्याज, दोन्ही तुमच्याच खिशातून जातात, ते बँकेच्या कागदावर येत नाही.

ठाणे_लोकल:
पात्र आहे म्हणून पूर्ण घेऊ नका एवढंच सांगेन. २०२१ मध्ये पावणेसात टक्क्यांनी ४० लाख घेतले, हप्ता ३०,४००. मे २०२२ पासून रेपो वाढत गेला, फेब्रुवारी २०२३ पर्यंत ४ चा साडेसहा, माझा दर सव्वानऊ. बँकेने हप्ता तेवढाच ठेवून मुदत लांबवली, मला वाटलं काहीच झालं नाही. एक दिवस स्टेटमेंट उघडलं तर ३०,४०० मधले २९ हजारांच्या वर व्याजात जात होते, मुद्दल हलतच नव्हतं. मग हप्ता ३७ हजार करून घेतला. फॉयरमध्ये मुलीची शाळा, आईची औषधं यातलं काहीच नसतं, ते मी भरतो.

पिंपळेकर:
गाडीचे २६ हप्ते बाकी आहेत, क्लोज करायला २ लाख ५७ हजार सांगितले. केली तर लोन ४२ लाखांपर्यंत जातं आणि मला हवेत ४०, कारण ५० लाखांच्या फ्लॅटला बँक ८० टक्केच देते. पण साठवलेले १४ लाख आहेत, त्यातले १० मार्जिनला आणि ३ लाख ८० हजार स्टँप ड्युटी-रजिस्ट्रेशनला, ते लोनमध्ये बसत नाहीत. मग गाडीचे अडीच लाख कुठून आणू? सासरे देतो म्हणतायत.

ठाणे_लोकल:
म्हणजे घरात शिरताना खात्यात २० हजार. मी नसतं केलं.

सदाशिव_६२:
सासऱ्यांचे घ्या, ते बँकेला दिसत नाहीत.

फाईलवाला:
६ महिन्यांचं स्टेटमेंट मागतात काका, अचानक आलेले अडीच लाख दिसतात. लपवू नका, गिफ्टचं पत्र द्या. परत करायचे असतील तर ते कर्जच झालं, मग तसं सांगा. पिंपळेकर, गाडी विकली तर किती येतील?

पिंपळेकर:
साडेतीन-चार येतील. घरी अजून बोललो नाहीये.