सावळी, काळी की रापलेली? गोष्टीतल्या दोन मावसबहिणींसाठी शब्द हवा आहे

मृणाल: एक छोटी गोष्ट लिहिते आहे, एका वाक्यावर अडले आहे. नाशिकला पंचवटीत साखरपुडा आहे. नवऱ्या मुलीच्या दोन मावसबहिणी, ईशा आणि रेवती, शेजारी बसल्या आहेत. ईशा गोरीपान, घाऱ्या डोळ्यांची. रेवतीचा रंग बराच गडद, ती निफाडची, घरची द्राक्षबाग. एक लांबची मामी येते आणि ईशाला म्हणते, "तू सुमनची ना? अगदी आईवर गेलीस." मग रेवतीकडे वळते, "आणि तुम्ही मुलाकडच्या का?" वर दोघींची एकमेकींशी ओळख करून देते. दर मे महिन्यात आजीकडे एका गोधडीत झोपलेल्या मुली या! माझं वाक्य असं आहे: "रेवती सावळी होती, पण नाकीडोळी नीटस." इथे "सावळी" फिकं वाटतं, "काळी" लिहायला हात धजत नाही. काय लिहू?

भाऊसाहेब: "रापलेली" लिहा. बागेतली मुलगी आहे, काढणीच्या दिवसांत दिवसभर उन्हात असते. आमच्याकडे हाच शब्द चालतो.

वासंती: भाऊसाहेब, शब्द खणखणीत आहे, पण इथे चालणार नाही. रापतो तो उन्हाने आणि वाऱ्याने. चेहरा, मान, कोपरापर्यंतचे हात रापतात, बाहीच्या आतला दंड तसाच राहतो. रेवतीचा रंग जन्माचा आहे. "रापलेली" म्हटलं की वाचक समजेल, घरात बसली असती तर ईशासारखी दिसली असती. नातेवाईक हेच म्हणत असतात, "उन्हात फिरते ना, म्हणून." मामीच्या तोंडी घाला, फार शोभेल. लेखिकेच्या तोंडी नको.

मृणाल, मला तुमच्या वाक्यात "सावळी"पेक्षा "पण" खुपतो. "गोरी आहे, पण नाकीडोळी नीटस" असं कोणी म्हणतं का? गोरीला "आणि" मिळतो, सावळीला "पण". स्थळं सांगताना हा "पण" इतका वापरला गेलाय की आता तो ऐकूही येत नाही. तो काढा आणि वाक्य दोन करा. "रेवती काळीसावळी. नाक सरळ, डोळे मोठे."

सुहास: प्रश्न नीट कळला नाही, पण असं होऊ शकतं हे मी सांगतो. माझा सख्खा आतेभाऊ सिन्नरला असतो, तो दुधासारखा गोरा, मी काळा. लग्नात आम्हाला कोणी भाऊ धरत नाही. एकाने तर "हा तुमचा मित्र का?" म्हणून विचारलं. एकाच घरात असं कसं होतं?

डॉ. केतकर: सुहास, रंग एका जनुकावर ठरत नाही, बऱ्याच जनुकांचा मिळून ठरतो. सख्ख्या भावंडांतसुद्धा वाटणी वेगवेगळी होते. आते-मामे किंवा मावस भावंडांत तर साधारण आठवा हिस्साच समान असतो, बाकीचं दोन वेगळ्या घरांतून आलेलं. चेहऱ्याची ठेवण एकाची आणि रंग दुसऱ्याचा असंही दिसतं. मृणाल, मामीला रेवतीची हनुवटी दिसायला हवी होती, ती रंगावरच थांबली.

मृणाल: हनुवटी घेते! म्हणजे रंगाचा शब्द न घालताही जमेल?

भाऊसाहेब: तो नसेल तर मामी का चुकली ते कळणार कसं? आणि "काळी" लिहायला भीती कसली? पंचवटीतच काळाराम आहे, काळ्या पाषाणाचा. गोरेरामही आहे, संगमरवरी. दोघांनाही लोक तितक्याच भक्तीने हात जोडतात.

वासंती: देवाला स्थळ शोधायचं नसतं, भाऊसाहेब. हाच शब्द मुलीला समोरून म्हटला की लागतो. "सावळा" म्हटलं की विठ्ठल आठवतो, म्हणून लोक तो मायेने वापरतात, आणि खऱ्या गडद रंगालाही लावतात. त्यामुळेच तो मृणालना फिकट वाटतोय. शब्दाची कड झिजली आहे.

शब्दापेक्षा मोठी गोष्ट त्यांनी सहज लिहून टाकली आहे: ईशाला "तू", रेवतीला "तुम्ही". दोघी एका वयाच्या. मान म्हणून दिलेला "तुम्ही" इथे रेवतीला घराबाहेर काढतो. तो खोडू नका.

सुहास: मला तो मानच वाटला होता. मलाही लग्नात लोक "तुम्ही" म्हणतात.

मृणाल: "पण" काढला. "रापली" मामीच्या तोंडी गेलं: मागून कोणीतरी "अहो, ती मंदाची" म्हणून सांगतं, तेव्हा मामी म्हणते, "अगंबाई, किती रापलीस गं!" एका श्वासात "तुम्ही"चा "तू" होतो. रेवती काय उत्तर देते ते अजून सुचलेलं नाही. निवेदनात मात्र "काळी" लिहिते आहे.

वासंती: मी "काळीसावळी"च ठेवलं असतं. "काळी" एकटा आला की निवाड्यासारखा वाजतो.

भाऊसाहेब: "काळी"च ठेवा. आमच्या घरात हाक मारतानाही वापरतात, आणि प्रेमानेच.