मदत हवी आहे: लॅपटॉपचा व्हीपीएन व्हर्च्युअल मशीनला मिळत नाही

वणीवाला: लॅपटॉपवर व्हीपीएन सुरू आहे, ऑफिसचं सर्व्हर बरोबर उघडते. व्हीएममधल्या उबुंटूत उघडत नाही. गूगल चालते. काऊन होऊन राह्यलं असं? लवकर सांगा, दुपारी गावातली लाइन जाते.

संत्राबाग: फुकटचे व्हीपीएन घेऊच नका भाऊ. मी मॅच पाहाले घेतला होता, नेटच रांगू लागलं.

वणीवाला: कंपनीचा आहे, फुकटचा नाही.

राउटरबाबा: व्हीएम कशात? नेटवर्क कोणत्या मोडवर? `ip a` काय दाखवते?

वणीवाला: व्हर्च्युअलबॉक्स, विंडोज ११ वर. ब्रिज्ड. 192.168.1.23.

राउटरबाबा: तिथंच अडलं. ब्रिज्डमध्ये उबुंटूले पत्ता तुमच्या घरच्या राउटरनं दिला. राउटरसाठी तो वेगळाच कॉम्प्युटर आहे. त्याचा डेटा लॅपटॉपच्या वायफाय कार्डातून जातो, पण विंडोजच्या राउटिंग टेबलाकडे फिरकत नाही, अन् व्हीपीएनचा रस्ता तर त्या टेबलातच लिहिलेला असते. नॅटवर व्हर्च्युअलबॉक्स स्वतःच विंडोजमधला एक प्रोग्राम म्हणून कनेक्शन उघडते, तुमच्या ब्राउझरसारखं. म्हणून ते व्हीपीएनमधून जाते. व्हीएम बंद करा, अडॅप्टर १ नॅटवर टाका.

पुसदचा_पेंग्विन: मोड कशाला बदलता? उबुंटूतच व्हीपीएन टाका. मी तेच करतो.

राउटरबाबा: तुमच्याकडे परवानगी असेल. पुष्कळ कंपन्या सर्टिफिकेट एकाच मशीनले बांधतात.

पुसदचा_पेंग्विन: मग ब्रिज व्हीपीएनच्या अडॅप्टरले जोडा. यादीत दिसते ना.

राउटरबाबा: दिसते, पण व्हीपीएननं लॅपटॉपले एकच पत्ता दिला. उबुंटूले दुसरा कोण देईल?

पुसदचा_पेंग्विन: माझ्या मित्राचं चालते.

राउटरबाबा: त्याच्या ऑफिसनं सर्व्हरच तसा मांडला असेल. सगळीकडे नसते.

वणीवाला: नॅट केलं. आता 10.0.2.15 आहे. सर्व्हरचा आयपी टाकला तर उघडते, नाव टाकलं तर नाही!

राउटरबाबा: म्हणजे रस्ता झाला, नावाचा पत्ता लागत नाही. व्हीपीएन आधी जोडला की व्हीएम आधी सुरू केली?

वणीवाला: व्हीएम आधी. त्यानं काय फरक पडते?

राउटरबाबा: व्हीएम सुरू होताना त्या घडीचं डीएनएस घेते, म्हणजे घरच्या राउटरचं. त्याले ऑफिसचं नाव कुठून ठाऊक? व्हीएम पूर्ण बंद करून विंडोजवर हे चालवा, नाव तुमच्या व्हीएमचं:

```
VBoxManage modifyvm "Ubuntu" --natdnshostresolver1 on
```

मग नाव शोधायचं काम विंडोज करेल. तरी व्हीपीएन आधी जोडत जा.

वणीवाला: उघडलं! पण आता मोबाइलवरून उबुंटूतली वेबसाइट दिसत नाही, ब्रिज्डमध्ये दिसत होती.

राउटरबाबा: नॅटमागं बाहेरून थेट येता येत नाही. पोर्ट फॉरवर्डिंग लावा, लॅपटॉपचं 8080 उबुंटूच्या 80 वर. मोबाइलमध्ये लॅपटॉपचा आयपी टाका.

पुसदचा_पेंग्विन: त्यापेक्षा दुसरं अडॅप्टर ब्रिज्ड ठेवा. दोन्ही चालते.

राउटरबाबा: चालते, पण डिफॉल्ट रूट कोणाकडे गेला ते `ip route` नं पाहा. ब्रिज्डकडे गेला तर ऑफिस पुन्हा बंद.

वणीवाला: फॉरवर्डिंग लावलं, मोबाइलवर नुसतं फिरून राह्यलं. फायरवॉल असेल का?

संत्राबाग: ग्रामपंचायतीत फायबर आलं म्हणतात, तेच घ्या ना.