अनुभव धागा: ग्राफिक्स कार्डाचा १६ पिनी कनेक्टर कुणाचा तापलाय, जळलाय, वाचलाय?

शहापूरचा_स्टुडिओवाला

काल बाथरूममधल्या गीझरचा प्लग काढला तर त्याची एक पिन तपकिरी झालेली आणि सॉकेटचं प्लास्टिक फुगलेलं. तो वास नाकात गेला आणि थेट मागच्या मार्चची रात्र आठवली.

माझा लग्नाच्या व्हिडिओचा स्टुडिओ आहे, शहापुरात. मशीनमध्ये आरटीएक्स ४०९०. संकेश्वरच्या एका लग्नाची फिल्म दुसऱ्या दिवशी द्यायची होती. रात्री दीडला स्क्रीन काळी झाली आणि पंखे जोरात फिरायला लागले. मला वाटलं ड्रायव्हर. परत चालू केलं, दहा मिनिटांत पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी बाजूची काच काढली आणि हाच वास आला. कनेक्टर लॅच दाबूनही निघेना, हलवत हलवत काढावा लागला. एका टोकाच्या दोन पिनांभोवतीचं प्लास्टिक वितळून कार्डाच्या सॉकेटला चिकटलं होतं. कॅबिनेटची काच केबलला दाबत होती, त्यामुळे तार कनेक्टरपाशीच वाकलेली. दोन वर्षं ती तशीच होती आणि मी एकदाही बघितलं नव्हतं.

फिल्म मित्राच्या मशीनवर करून दिली. कार्ड मात्र सॉकेट बदलायला पाठवावं लागलं. तुमच्यापैकी कुणाला असं झालंय का? कसं कळलं, काय केलंत, लिहा. बेळगाव, निपाणी, चिक्कोडी भागात एवढ्या मोठ्या कार्डांवर काम करणारे आता बरेच आहेत.

निपाणीची_अनघा

अरे देवा, लग्नाच्या आदल्या रात्री! माझं जळलं नाही पण वास आला होता. मी बंद करून काढलं तर कनेक्टरची एक बाजू पूर्ण बसलेलीच नव्हती, नखभर फट होती. आठ महिने तशीच चालवत होते. पोळ्या टाकतेय, नंतर लिहिते.

अथणी_सोलर

आमच्याकडे पण केबलचा कनेक्टर खराब होतो, पावसात चॅनेल दिसत नाहीत. नवीन एफ कनेक्टर लावून घ्या, स्वस्तात मिळतो.

शहापूरचा_स्टुडिओवाला

दादा, हा टीव्हीचा नाही, कॉम्प्युटरच्या आतला. पण पावसाचं खरंय, आमच्याकडेही तेच.

टिळकवाडी_गेमर

हे सगळं व्होल्टेज वरखाली होण्याने होतं. लाईट जाते-येते तेव्हा झटका बसतो. चांगला स्टॅबिलायझर आणि हजार वॅटचा पॉवर सप्लाय घेतला की विषय संपला. मी तेच केलंय, काही त्रास नाही.

उद्यमबाग_काका

टिळकवाडीकर, पॉवर सप्लाय चांगला असावा हे बरोबर, पण हा आजार तिथला नाही. आम्ही कारखान्यात पॅनेल बनवतो, तिथे बसबारचा एक बोल्ट ढिला राहिला तर काय होतं ते रोज बघतो. हाही तसलाच लूज काँटॅक्ट आहे.

भाच्याच्या कार्डावर मी मोजलं होतं, ते सांगतो. त्याचंही ४०९०, ब्लेंडरमध्ये रेंडर लावलेलं, केबलमधून साधारण ४०० वॅट जात होते. १२ व्होल्टवर म्हणजे ३३ अँपिअर. कनेक्टरमध्ये १२ व्होल्टच्या सहा पिना आणि परतीच्या सहा. सारखं वाटलं तर एका तारेला साडेपाच अँपिअर यायला हवेत. डीसी क्लॅम्प मीटर एकेका पिवळ्या तारेवर लावला. आकडे आले ते असे: ९.६, ८.९, ७.१, ४.४, २.१, १.२.

बेरीज ३३.३. म्हणजे कार्डाला हवं तेवढं मिळत होतं, ते तक्रार करणार कशाला? पण पहिल्या दोन तारा दुपटीच्या जवळ ओढत होत्या. पिनेची मर्यादा साडेनऊच्या आसपास असते. शिवाय उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणून ९.६ वाली पिन ५.५ च्या मानाने तिप्पट तापणार.

खानापूरचा_पोरगा

काका, मग १.२ वाली तार चांगली ना? ती तर गारच असणार.

उद्यमबाग_काका

तिथेच सगळे फसतात बाळा. १.२ वाली गार आहे, पण खराब तीच आहे. तिचा काँटॅक्ट नीट बसला नाही म्हणून तिचा रोध वाढला, आणि सहाही तारा पुढे कार्डात एकत्र जोडलेल्या असल्यामुळे करंट चांगल्या काँटॅक्टकडे वळला. जो मजूर धडधाकट त्याच्याच डोक्यावर सगळी पोती, तसं. जळते ती चांगली पिन. स्टुडिओवाल्यांच्या दोन पिना जळल्या, पण दोष बहुतेक दुसऱ्या टोकाला, काचेने तार जिथे ओढली तिथे असणार.

३०९० टीआयमध्ये तारांचे दोन-दोनचे तीन गट होते आणि कार्ड प्रत्येक गट वेगळा मोजायचं. ४०९० मध्ये ते काढलं. आता कार्डाला फक्त बेरीज कळते.

शहापूरचा_स्टुडिओवाला

काका, हे वाचून मी जुने फोटो काढून बघितले. वितळलेल्या पिना लॅचच्या डाव्या बाजूच्या, काच दाबत होती ती उजवी. वर्षभर मी उलटंच धरून बसलो होतो.

चिक्कोडी_अक्षर

मीटर कुठला ओ काका? आमच्या वायरमनकडे क्लॅम्प होता, त्याने तारांचा पूर्ण जुडगाच चिमट्यात धरला. शून्य आलं. म्हणाला करंटच नाही. आणि इकडे मशीन गरागरा फिरतंय.

उद्यमबाग_काका

दोन गोष्टी. वायरमनकडचा क्लॅम्प बहुतेक फक्त एसीचा असतो, त्याला हा करंट दिसतच नाही. मीटरवर डीसी अँपिअरची खूण आहे का बघा, आणि मोजण्याआधी शून्याचं बटण दाबा. दुसरं म्हणजे, जुडगा धरला की जाणारा आणि परतीचा करंट एकमेकांना खोडतात, मग डीसी मीटरसुद्धा शून्यच दाखवणार. एका वेळी एकच तार धरायची. ती कनेक्टरपासून लांब, केबलच्या मध्यावर सोडवून घ्यायची. कनेक्टरपाशी तारा ओढल्या तर जो काँटॅक्ट मोजायला गेलात तोच बिघडेल. आणि परतीच्या सहा तारासुद्धा मोजा, तिथेही हेच होतं.

निपाणीची_अनघा

आले परत. माझं कसं सुटलं ते लिहिते. मशीन बंद केलं, भिंतीवरचं बटणही बंद केलं. कार्ड आडवं होईल असं कॅबिनेट झोपवलं. एका हाताने कार्ड मागून धरलं आणि दुसऱ्या हाताने कनेक्टर सरळ दाबला, डावीकडे-उजवीकडे न हलवता. टक् असा आवाज आला. मग मोबाईलच्या टॉर्चने कडेने बघितलं, फट चारही बाजूंनी दिसेनाशी झाली. लॅच हुकवर बसलीय का हे नखाने चाचपलं. आणि पहिल्या साडेतीन सेंटीमीटरपर्यंत तार वाकवायची नाही हे मुलाने सांगितलं, म्हणून पट्टी धरून मोजलं. काच लागत होती. शेवटी मोठं कॅबिनेट घेतलं, दुसरा मार्ग नव्हता.

वडगाव७७

अनघाताई, निपाणीत कुठला दुकानदार? माझं कॅबिनेट पण लहान आहे. आणि स्टुडिओवाले, गीझरचा प्लग बदलला का? तो जास्त घाईचा आहे, घरात लहान मुलं असतील.

शहापूरचा_स्टुडिओवाला

बदलला ओ, सकाळीच. सॉकेटसकट.

खानापूरचा_पोरगा

मला मीटर परवडणार नाही. `HWiNFO64` मध्ये `GPU 16-pin HVPWR Voltage` असं दिसतं. लोडवर ते १२ च्या आसपास असलं म्हणजे सगळं ठीक ना?

उद्यमबाग_काका

अर्धं ठीक. एकाच रेंडरवर आधी ११.९ यायचे आणि आता ११.६ येतात, असं दिसलं तर लगेच उघडून बघ. पण चार पिना चांगल्या आणि दोन खराब असतील तर व्होल्टेज फारसं पडतच नाही, माझ्या भाच्याचं पडलं नव्हतं. तो आकडा चांगला आहे म्हणून निर्धास्त राहू नकोस.

चिक्कोडी_अक्षर

मी तोवर पॉवर कमी केलीय. ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये:

```
nvidia-smi -pl 320
```

चाळीस मिनिटांचं रेंडर त्रेचाळीसला होतं, एवढंच. रीस्टार्ट केलं की परत द्यावं लागतं, हे मला आठवड्याने कळलं.

उद्यमबाग_काका

चांगलं केलंस. सगळ्या तारांवरचं ओझं उतरतं. पण वाटणी तशीच वाकडी राहते, म्हणून काँटॅक्ट बघायचा राहू देऊ नकोस.

टिळकवाडी_गेमर

काका, मान्य. पण आता नवीन कनेक्टर आलाय, एच प्लस प्लस लिहिलेला. त्यात हा त्रास संपला असं दुकानदार म्हणाला. मी ५०९० घ्यायच्या विचारात आहे.

उद्यमबाग_काका

त्यात छोट्या चार पिना आखूड केल्यात आणि मोठ्या थोड्या लांब. म्हणजे अर्धवट बसला तर कार्ड पॉवर ओढणारच नाही. अनघाताईंसारखी फट असेल तर उपयोग होईल. पण पूर्ण बसूनही एखादा काँटॅक्ट सैल असेल तर वाटणी वाकडीच, ते या बदलाने सुटत नाही. आणि ५०९० ला ५७५ वॅट लागतात, म्हणजे सगळं सारखं असतानाही एका तारेला आठ अँपिअर. साडेनऊपर्यंत जागा किती उरली? जुन्या आठ पिनीवर १५० वॅट म्हणजे तारेला चारच यायचे, म्हणून त्याच्या तक्रारी कमी. घ्यायचं तर घे, पण पहिल्याच दिवशी मोज.

वडगाव७७

मी दर रविवारी काढून, फुंकर मारून परत लावतो.

निपाणीची_अनघा

नको हो! ३० वेळा काढ-घाल एवढंच त्याचं आयुष्य म्हणतात.

वडगाव७७

पण न काढता आत काय झालंय कसं कळणार ताई? स्टुडिओवाल्यांनी दोन वर्षं काढलं नाही, म्हणून तर झालं.

उद्यमबाग_काका

वडगावकर, रविवार सोडा. पण किती महिन्यांनी, यावर माझं आणि भाच्याचंही पटत नाही. तो म्हणतो वास किंवा आकडा बिघडल्याशिवाय हात लावायचा नाही. मी वर्षातून एकदा, उन्हाळ्याआधी, काढून पिनांचा रंग बघतो. काळपट किंवा तपकिरी दिसली तर केबल टाकून देतो, घासून परत लावत नाही.

भाच्याचं पुढचं सांगायचं राहिलं. आधी तीच केबल काढून नीट बसवली, तर १.२ ची ३ झाली, तेवढीच. तिच्या पिनेचं आतलं पान पसरलं होतं, भिंगातून दिसलं. पॉवर सप्लायच्याच कंपनीची नवी केबल मागवली. तोच सीन, तेच ४०० वॅट: ५.९, ५.६, ५.४, ५.७, ५.२, ५.५.

शहापूरचा_स्टुडिओवाला

काका, रविवारी स्टुडिओत याल का मीटर घेऊन? सॉकेट नवीन आहे पण केबल मी जुनीच लावलीय, हे आत्ता लक्षात आलं. तोवर मशीन बंद ठेवतो.

उद्यमबाग_काका

येतो की. अकराच्या आसपास. केबल मात्र आजच काढून ठेवा.

खानापूरचा_पोरगा

मी पण येऊ का? माझं कार्ड पिशवीत घालून आणतो.