शाळेआधी शिफ्टिंग: पुणे-नाशिक 2 बीएचके, 16 हजारांत?

हडपसर_टेम्पो: शाळा उघडायच्या आत घर बदलणाऱ्यांसाठी मे महिन्याची ऑफर. पुणे ते नाशिक, 2 बीएचके, 16,000 रुपये, सगळं धरून. फोनवर लगेच कोटेशन. इतकं स्वच्छ लिहूनही लोक उतरवताना भांडतात. का भांडतात, ते सांगा.

वसुधा_के: कारण तुम्ही सामान न बघता आकडा देता. मी ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात हिशेब बघते, हे बिल रोज समोर येतं. फोनवर माणूस पलंग, फ्रिज, कपाट सांगतो. माळ्यावरचं सामान, पलंगाच्या पेटीतली भांडी, बाल्कनीतल्या कुंड्या कुणालाच आठवत नाहीत. मग ऐन दिवशी बारा खोकी जास्त निघतात. परवाचंच बिल घ्या: 16,000 ठरले, लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या मजल्याचे 2,400, जादा खोक्यांचे 1,800, एसी काढून बसवायचे 2,500. झाले 22,700. त्यावर 18 टक्के जीएसटी, 4,086. एकूण 26,786. गिऱ्हाईक चिडणार नाही तर काय करेल?

हडपसर_टेम्पो: वाहतुकीला 5 टक्के जीएसटी असतो, 18 नाही.

वसुधा_के: नुसती गाडी पाठवली तर. पॅकिंग, हमाली, जोडणी एकाच बिलात घेतलीत की 18 लागतो. आणि कर वेगळा असेल तर ‘सगळं धरून’ लिहायचंच नाही.

नाशिकची_आई: पैशाचं राहू द्या. आम्हाला सांगितलं ‘उद्या सकाळी पोचेल’. गाडीत आणखी दोन घरांचं सामान होतं, ते कुणी बोललंच नाही. चार दिवस सामान कुठे आहे ते कळेना. मुलीचा गणवेश, पुस्तकं, दाखला, सगळं त्याच गाडीत. शाळेचा पहिला दिवस तिने शेजारच्या मुलीच्या जुन्या ड्रेसवर काढला. मला आजही राग येतो.

वसुधा_के: म्हणून कोटेशनवर गाडी लिहून घ्यायची: तुमच्या एकट्याची की वाटून. पार्ट लोड स्वस्त पडतो, पण गाडी भरेपर्यंत थांबतो. दाखला, औषधं, दागिने आणि शाळेचं खोकं आपल्यासोबतच न्या.

वाकडचा_सेक्रेटरी: सोसायटीत येताना कळवत नाहीत, लिफ्टचे आरसे फोडतात, मग आम्ही वाईट. आमच्याकडे रविवारी शिफ्टिंग बंद, आणि शिफ्टिंग चार्ज आहे. तोही कोटेशनमध्ये लिहा.

नाशिकची_आई: चार्ज कशाचा घेता? लिफ्टचं मेंटेनन्स मालक भरतोच की! भाडेकरूकडून पैसे उकळायची ही सोय आहे. आमचे हमाल दुपारी दोन तास गेटवर बसले, कारण ‘एक ते चार लिफ्ट बंद’.

वाकडचा_सेक्रेटरी: दुपारी लहान मुलं झोपतात, म्हातारी माणसं असतात. तुमचा एक दिवस, आमचं रोजचं.

नाशिकची_आई: मग नोटीस गेटवर आदल्या आठवड्यात लावा, ट्रक आल्यावर दाखवू नका!

वाकडचा_सेक्रेटरी: बरं, वेळ आधी कळवायला हवी, हे मान्य. चार्ज काढणार नाही.

हडपसर_टेम्पो: सोसायटी राहू द्या, माझं ऐका. मी खरा 26 हजारांचा आकडा सांगितला की माणूस फोन ठेवतो आणि 14 हजारवाल्याकडे जातो. मे महिन्याच्या शेवटी हमाल जास्त पैसे मागतात, गाडी मिळत नाही. प्रामाणिक राहून माझं पोट भरेल का?

कोथरूड_भाडेकरू: हे खरं आहे. मीही सर्वांत कमी आकडाच निवडला होता. आणि त्यात विमा म्हणून 3 टक्के घेतले. कपाटाचा आरसा फुटला तेव्हा पॉलिसी मागितली, तर पॉलिसी नव्हतीच, नुसती पावतीवर ओळ.

वसुधा_के: विमा असेल तर विमा कंपनीचा कागद गाडी निघायच्या आधी मिळतो, त्यावर तुमचं नाव असतं. तो नसेल तर ते पैसे देऊच नका. आणि हडपसरवाले, गिऱ्हाईक तुटतं हे खरं, ते नाकारत नाही. पण व्हिडिओ कॉलवर माळा उघडून बघा, यादी करा, दोन्ही बाजूंची सही घ्या. मग आकडा बदलला तरी भांडण यादीवर होईल, तुमच्या शब्दावर नाही.

हडपसर_टेम्पो: ठीक आहे, असं लिहितो: ‘व्हिडिओ पाहणीनंतर लेखी दर. 14 फुटी गाडी, फक्त तुमच्या सामानाची. पॅकिंग, चढवणे-उतरवणे, पलंग-कपाट जोडणी धरून. लिफ्ट नसल्यास मजल्यामागे जादा, एसी वेगळा, हे दर पाहणीतच सांगू. जीएसटी वेगळा, आकड्यासह. यादीबाहेरच्या खोक्याला 150.’ खूश?

वसुधा_के: उशीर झाला तर काय, ते राहिलं.

हडपसर_टेम्पो: घाटात जाम लागला तर मी काय करू? ते नाही लिहिणार.

नाशिकची_आई: जाम वेगळा आणि चार दिवस वेगळे. एवढा फरक तरी लिहा.