मदत हवी आहे: स्पर्धेआधी बीपी १५८/९६ निघालं, डॉक्टर दाखल्यावर सही करत नाहीत

डिचोलीचा_८३किलो: वय २४. पॉवरलिफ्टिंग करतो, ८३ किलो गट. राज्य स्पर्धेला सहा आठवडे आहेत. फिटनेस दाखल्यासाठी गेलो तर बीपी १५८/९६. दहा मिनिटांनी परत घेतलं, तेवढंच. डॉक्टरनी फॉर्म बाजूला ठेवला. डोकं दुखत नाही, दम लागत नाही, घरात कुणाला बीपी नाही. प्रवेश फी भरून झालीय. काय करू?

म्हापशाचा_कोच: पट्टा लहान पडला, दुसरं काही नाही. आमच्या पोरांचं नेहमी होतं. मोठ्या पट्ट्याने घे, नॉर्मल येईल. नाहीच आलं तर दोन दिवस आधी पाण्याची गोळी घे, बीपीही उतरतं आणि वजनही.

काणकोणची_सुमन: आमच्या ह्यांनाही गोळी लागलीय, वय ६२. डॉक्टर मीठ कमी करा म्हणतात, पण खारी सुकी मासळी सुटत नाही. त्यांनी जिमला जावं का?

फोंडा_डॉक्टर: सुमनताई, ह्यांच्यासाठी वेगळा धागा काढा, तिथे लिहितो.
८३किलो, टेप घेऊन दंडाचा घेर मोज, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये, हात सैल सोडून. दवाखान्यातला नेहमीचा पट्टा साधारण ३२ सेंटिमीटरपर्यंतच्या दंडाला चालतो. जाड दंडाला तो बांधला की बीपी खोटं वाढतं, इथवर कोच बरोबर. मोठ्या पट्ट्याने पुन्हा घे. त्या दिवशी व्यायाम नको, प्री-वर्कआउट नको. पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसायचं, मग एकेक मिनिटाने तीनदा, दोन्ही हातांवर.
आणि एक विचारतो. काही स्टिरॉइडची सायकल चालू आहे का? इथे तुझं नाव कुणाला माहीत नाही.

डिचोलीचा_८३किलो: घेर ४३. नर्सबाईंनी दुसऱ्या वॉर्डातून मोठा पट्टा आणला. १४८/९४, १४६/९२, १४६/९२. दोन्ही हात सारखेच.
हो डॉक्टर. दहा आठवडे टेस्टोचं इंजेक्शन, शेवटचे पाच आठवडे स्टॅनोझोलॉलच्या गोळ्या. बंद करून बारा दिवस झाले. खांद्यासाठी आयबुप्रोफेन रोज. तपासणीत हे सांगितलं नव्हतं.

फोंडा_डॉक्टर: म्हणजे दहा-बारा पट्ट्याचे होते, बाकीचं बीपी तुझं स्वतःचं. टेस्टोने अंगात मीठ-पाणी धरून राहतं, तांबड्या पेशी वाढून रक्त दाट होतं. त्यात आयबुप्रोफेन मूत्रपिंडाला मीठ बाहेर टाकू देत नाही. ते आजच थांबव. इंजेक्शनचा असर लगेच जात नाही, बीपी उतरायला काही आठवडे, कधी महिनेही लागतात.
सही न करणारे डॉक्टर चुकले नाहीत. श्वास रोखून मोठं वजन उचलताना वरचं बीपी ३०० च्याही वर गेल्याची नोंद आहे. मुळातच चढलेल्या बीपीवर आणि जाड झालेल्या हृदयावर तो मार नको. त्यांना सायकलचं सांग. ईसीजी, इको, हिमोग्लोबिन-हिमॅटोक्रिट, क्रिएटिनिन, लघवीतलं अल्ब्युमिन, कोलेस्टेरॉल एवढं होऊ दे.
कोच, पाण्याची गोळी नाडाच्या बंदी यादीत आहे, स्पर्धेबाहेरही. वर पोटॅशियम खाली गेलं की हृदयाचे ठोके बिघडतात. गोळी लागलीच तर टेल्मिसार्टन किंवा अॅम्लोडिपिनसारखी, बंदी नसलेली, डॉक्टरांनी लिहून दिलेली.

म्हापशाचा_कोच: गोळीचं मान्य, मला ठाऊक नव्हतं. पण लिफ्टरचं हृदय जाड असतंच ना? इकोला बघून घाबरवतील पोराला.

डिचोलीचा_८३किलो: रिपोर्ट आले. हिमॅटोक्रिट ५५, एचडीएल १९, क्रिएटिनिन १.४, लघवी साफ. इकोत हृदयाची भिंत १३ मिलिमीटर. किडनी गेली का?

फोंडा_डॉक्टर: क्रिएटिनिन स्नायूंमुळेही वाढतं, क्रिएटिन पावडर असेल तर आणखी. सिस्टॅटिन-सी करून बघ, त्यावर स्नायूंचा तेवढा परिणाम होत नाही. हिमॅटोक्रिट आणि एचडीएल मात्र सायकलचेच.
कोच, १२ पर्यंत मी व्यायामाचं मानलं असतं. १३ ला प्रश्न उभा राहतो: व्यायाम, औषध, बीपी की जन्मजात जाडी? तीन महिने जड उचलणं आणि सायकल दोन्ही बंद ठेवून इको परत करतात. भिंत पातळ झाली तर जन्मजात आजाराची शक्यता बरीच मागे पडते, पण व्यायामाचा वाटा किती आणि औषधाचा किती ते तेव्हाही सांगता येणार नाही. ईसीजी खटकला तर बांबोळीला हृदयाचा एमआरआय.

म्हापशाचा_कोच: तीन महिने म्हणजे सीझन गेला. मला हे जास्त वाटतं.

डिचोलीचा_८३किलो: सहा आठवड्यांची स्पर्धा सोडतोय. घरी मशीन घ्यायचं तर मोठा पट्टा वेगळा मिळतो का?

फोंडा_डॉक्टर: त्याच मशीनला चालणारा वेगळा घ्यावा लागेल. दुकानात '२२ ते ४२' लिहिलेला देतील, तो तुला एक सेंटिमीटर कमी पडतो. ४३ मावेल असा माग. सात दिवस सकाळ-संध्याकाळ दोनदा घे आणि पहिल्या दिवसाचे आकडे सोडून सरासरी काढ. घरी १३५/८५ च्या वर राहिलं तर गोळीचं बोलायला जा.