आठवणींची भिंत: जागा आणि पेन

"लग्नात फोटो आणि चिठ्ठ्यांची आठवणींची भिंत सजवली तरी पाहुणे खरंच लिहितील का? आणि झटपट फोटोंवर कुठलं पेन चालतं?"

लिहितील, पण भिंत स्टेजजवळ नको; तिथे सगळ्यांना आहेर देऊन पंगत गाठायची असते. जेवून, हात धुऊन लोक निघतात त्या वाटेवर लावा आणि एखाद्या बोलक्या भाचीला तिथे उभं करा. कोऱ्या चिठ्ठीवर सगळे "नांदा सौख्यभरे" लिहून मोकळे होतात. म्हणून आधीच "नवरी लहान असताना..." अशी सुरुवात करून ठेवा.

इन्स्टॅक्स मिनी या झटपट कॅमेऱ्याच्या फोटोची पांढरी पट्टी गुळगुळीत असते, जेलपेनची शाई तिथे फिसकटते. बारीक टोकाचा पर्मनंट मार्करच घ्या. फोटो उमटायला साधारण दीड मिनिट लागतं, तेवढ्यात चिठ्ठी लिहून होते. फोटोला टाचणी टोचू नका, आत रसायन असतं. दोरीवर छोट्या चिमट्यांनी अडकवा.