मदत हवी आहे: टेस्ट केसेस सगळ्या पास, तरी दुधाची नोंद दोनदा

टेस्टर_बेळगाव: दूध संकलनाच्या ॲपचं टेस्टिंग माझ्याकडे आहे. 212 केसेस, सगळ्या पास. तरी जांबोटीकडच्या एका केंद्रावर काही शेतकऱ्यांचं एकच दूध दोनदा पडलंय. सोमवारी बिल निघणार. एरर गेसिंगची तयार चेकलिस्ट कुणाकडे आहे का? आजच हवी.

निपाणीकर: सेव्ह दोनदा दाबलं जातंय. एकदा दाबल्यावर बटण बंद करा, झालं काम.

जुनी_टेस्टर: चेकलिस्ट राहू दे. दोन नोंदींत अंतर किती? रेंज कशी आहे? उत्तरासाठी ॲप किती वेळ थांबतं?

टेस्टर_बेळगाव: रेंज येते-जाते, ते असतंयच की ताई. 30 सेकंद थांबतं. लॉग हा:

```
06:42:10 POST /entry 201
06:42:40 POST /entry 201
```

जुनी_टेस्टर: अंतर नेमकं 30. म्हणजे ॲपच पुन्हा पाठवतंय. पहिली नोंद सर्व्हरवर लिहिली गेली, उत्तर परत येताना रेंज गेली. तुमच्या केसमध्ये सेव्हच्या आधीच एरोप्लेन मोड लावला असणार. माझ्या चेकलिस्टमध्ये रेंज तोडायच्या चार जागा आहेत: पाठवण्याआधी, पाठवताना, सर्व्हरने लिहिल्यावर पण उत्तर येण्याआधी, आणि उत्तर आल्यावर पण ते फोनमध्ये जतन होण्याआधी. तिसरी जागा हाताने साधत नाही. टेस्ट सर्व्हरवर नोंद लिहून झाली की उत्तर 40 सेकंद रोखा आणि नोंदी मोजा.

निपाणीकर: मग एका पाळीला एका खात्यावर एकच नोंद, असा नियम घाला.

डेअरी_सचिव: तसं अजिबात करू नका ओ. माझ्याकडे एकाच खात्यावर गायीचं आणि म्हशीचं दूध येतंय. कधी म्हशीचेच दोन कॅन, फॅटही सारखं. खरं दूध बुडेल, आणि शेतकरी माझ्या दारात येईल.

जुनी_टेस्टर: सचिव बरोबर बोलतायत. सेव्ह दाबताच फोनवर नोंदीचा आयडी तयार व्हावा, पुन्हा पाठवताना तोच जावा. सर्व्हरने दुसऱ्यांदा नोंद लिहू नये, पण उत्तर यशाचंच द्यावं. एरर दिली तर ॲप पाठवतच राहील. हेही तपासा.

टेस्टर_बेळगाव: 40 सेकंद रोखलं, लगेच दोन नोंदी पडल्या! डेव्हलपर म्हणतो, प्रत्येक वेळी नवा आयडी बनत होता. आता एकच पडते. जुन्या नोंदी चाळल्या, तर 11 जोड्या 30 सेकंदांच्या. पण दोन जोड्यांत तीन-तीन मिनिटांचं अंतर आहे.

जुनी_टेस्टर: ॲप बंद करून उघडल्यावर रांगेतल्या नोंदी पुन्हा जातात का? चौथी जागा तोडून बघा.

डेअरी_सचिव: ते दोन-दोन कॅनही असतील. केंद्रावर विचारल्याशिवाय खोडू नका.

टेस्टर_बेळगाव: 11 बाजूला काढतोय. त्या दोन जोड्यांसाठी उद्या सकाळच्या पाळीला जांबोटीला जातो.